तीन माणसं आणि एक नडगी

त्या सोमवारी सकाळी अकरा वाजेपर्यंत मी दोघांना गोळ्या घातल्या होत्या, एकाला भोसकलं होतं आणि एकाला शिंगावर घेतलं होतं. सगळं वागळे इस्टेटमधल्या एका इमारतीच्या चौथ्या मजल्यावर, पंख्याखाली बसून, बिनसाखरेचा चहा पीत.

एरवी मला इंजेक्शनची सुई बघितली तरी घाम फुटतो. पण इटालियन फुटबॉलचा वृत्तांत मराठीत आणायचा तर रक्तपात टाळता येत नाही. तिकडचा वार्ताहर चेंडू साधा मारूच देत नाही. लांबून जोरात मारला तर ‘फुचिलाता’, म्हणजे बंदुकीचा बार. गोलकीपरला चकवलं असं न म्हणता त्याला ‘आरपार भोसकलं’ म्हणतात. एकाने दोन गोल केले की ती ‘दोप्पिएत्ता’, आणि हाच शब्द दुनळी बंदुकीलाही. डोक्याने गोल केला तर बैलाने शिंग खुपसलं. इथे मात्र मी खूश होतो. आपल्याकडे ढुशी आहे. ‘नऊ नंबरने ढुशी मारून गोल केला’ हे लिहून मी स्वतःचीच पाठ थोपटली.

हे काम मला मिळालं भाचीमुळे. एका खेळाच्या वेबसाइटला तिकडच्या सामन्यांचे वृत्तांत मराठीत हवे होते आणि ते काम घेतलेल्या भाषांतराच्या कंपनीत ती सहा महिन्यांच्या प्रोबेशनवर होती. इटालियन येणारा आणि मराठी लिहिणारा माणूस ठाणे जिल्ह्यात शोधायचा कुठे? तिने कंपनीच्या मॅडमना सांगितलं, “माझा मामा आहे.” मॅडम म्हणाल्या, “नातेवाईक मी घेत नाही. घेतला तर जबाबदारी तुझी.” ती म्हणाली, “माझी.” प्रोबेशन त्या सोमवारच्याच आठवड्यात संपत होतं. ती कायम होते की घरी जाते, हे त्याच आठवड्यात ठरणार होतं.

माझं इटालियन फुटबॉलचं नव्हे, पॅकिंग मशीनचं. बावीस वर्षं मी तिथूनच दोन गल्ल्या पलीकडच्या कारखान्यात इटलीहून येणाऱ्या मशीनची मॅन्युअलं मराठीत करत होतो. कारखाना गुजरातला गेला, मी डोंबिवलीत राहिलो. त्यामुळे कामाची वाटणी अशी ठरली : इटालियन मला, फुटबॉल तिला. मी भाषांतर करायचं, तिने फक्त मराठी वाचून खेळ बरोबर आहे का ते बघायचं आणि खाली ‘तपासले’ लिहायचं. ती कल्याणच्या एका संघात मधल्या फळीत खेळायची. खेळायची म्हणजे तीन वर्षांपूर्वीपर्यंत.

पहिल्या आठवड्यात तिने मला पुरतं सोलून काढलं.

“मामा, हा दिग्दर्शक कोण? मॅच चाललीये की शूटिंग?”

“अगं, ‘रेजिस्ता’ लिहिलंय. रेजिस्ता म्हणजे दिग्दर्शक.”

“मधे मागे उभा राहून पास वाटतो ना? मग खेळ रचणारा मिडफिल्डर लिही. आणि हा ‘पाचवा’ कोण? बाकीचे चार कुठे गेले?”

“‘क्विंतो’ म्हणजे पाचवा.”

“कडेने वर-खाली पळत असेल. विंगबॅक रे तो. आणि हे काय? ‘पाऊणवाला’?”

पाऊणवाला माझा लाडका होता. ‘त्रेक्वार्तिस्ता’, मैदानाच्या पाऊण अंतरावर, स्ट्रायकरच्या मागे खेळणारा. मी जिवापाड भांडलो. ती म्हणाली, “मामा, वाचणाऱ्याला वाटेल हा अजून पाव शिल्लक आहे.” पाऊणवाला गेला. ‘खोटा नऊ’, म्हणजे स्ट्रायकरच्या जागी असून मागे येऊन खेळणारा, मात्र तिने ठेवला. तो म्हणे इकडच्या पोरांनाही फॉल्स नाईन म्हणून माहीत असतो.

तर त्या सोमवारचा वृत्तांत होता एकाच शहरातल्या दोन संघांचा. आदल्या संध्याकाळी झालेला. दुसऱ्याच परिच्छेदात एकाचं नाक फुटलं, चौथ्यात प्रेक्षकांतून आलेली बाटली लाइन्समनच्या मानेला लागली. आणि अठ्ठ्याहत्तराव्या मिनिटाला ते झालं.

इटालियनमध्ये लिहिलं होतं : कर्णधार उशिरा पोचला, ‘पिएदे आ मार्तेल्लो’, म्हणजे पाय हातोड्यासारखा, तळवा पुढे, बुटाचे खिळे समोर. नडगीची दोन्ही हाडं मोडली. ‘एक्स’, म्हणजे पूर्वी या समोरच्याच संघात असलेला खेळाडू, पडलेल्याच्या अंगावर उभा राहून हातवारे करत होता. ‘मेदियानो’, बचावाच्या पुढचा राखणदार मिडफिल्डर, लाल कार्ड बघून डोकं खाली घालून निघाला.

सोबत क्लिप होती. मी ती उघडली नाही. अर्धी मिटलेली बोटं डोळ्यांवर ठेवून एकदा प्रयत्न केला, माणूस धावत येताना दिसला, तेवढ्यावर लॅपटॉप बंद केला. आणि शब्दांवर विश्वास ठेवून लिहून टाकलं. कर्णधाराने पाय मोडला. जुन्या सहकाऱ्याने पडलेल्यालाच दम दिला. आणि शिक्षा भलत्याला, बिचाऱ्या मिडफिल्डरला झाली. मला तर त्या मिडफिल्डरची इतकी दया आली की ‘निमूटपणे’ हा शब्द मी पदरचा घातला.

बाराला फाइल भाचीकडे गेली. सव्वाबाराला ‘तपासले’ आलं. साडेबाराला वेबसाइटवर.

जेवणाचा डबा अर्धा झाला तोवर वृत्तांताखालच्या कमेंट्समध्ये शिव्यांचा पूर आला. पाय मोडलेल्याच्या क्लबचे पाठीराखे आपल्याकडेही आहेत हे मला ठाऊक नव्हतं. ठाण्यात आहेत, उल्हासनगरात आहेत, आणि त्यांनी आदल्या संध्याकाळी सामना डोळ्यांनी बघितला होता. ‘अबे ये किसने लिखा, अंधा है क्या?’ ‘ज्याने पाय मोडला त्यालाच बिचारा म्हणतोय, याचे पाय मोडा.’ एकाने नुसतं लिहिलं होतं, ‘ऑफिस कुठंय यांचं? शीळफाट्याहून येतोय दहा जण घेऊन.’ मी खिडकीतून खाली बघितलं. एक टेम्पो उभा होता. त्यातून प्लायवूड उतरवत होते.

मॅडमनी दोघांना केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर माझा वृत्तांत छापून ठेवलेला होता आणि लाल पेनाने तीन शब्दांभोवती गोल. पेन इतकं दाबलेलं की कागद फाटला होता.

“सर, हे तिघं कोण?”

“कर्णधार, जुना सहकारी आणि मिडफिल्डर.”

“एकच माणूस आहे हा. आठ नंबर. क्लायंटने कळवलंय. तोच कर्णधार, तोच पूर्वी समोरच्या क्लबात होता, तोच मिडफिल्डर. त्यानेच तोडलं, त्यानेच दम दिला आणि त्यालाच कार्ड.”

माझ्या डोक्यात प्रकाश पडला, पण भलत्या वेळी. मॅन्युअलमध्ये एका बोल्टला एकच नाव असतं. पान चारवर ‘बोल्ट’ आणि पान पाचवर ‘खिळा’ लिहिलं तर फिटर दोन वस्तू शोधत बसेल, हात मशीनमध्ये जाईल. बावीस वर्षं मी हेच पाळलं : नाव बदललं की वस्तू बदलली. आणि इटालियन वार्ताहराला तर एक नाव दोनदा लिहायची लाज वाटते. पहिल्या वाक्यात कर्णधार, दुसऱ्यात त्याचा भूतकाळ, तिसऱ्यात त्याची जागा. तिकडच्या वाचकाला तो एकच आहे हे ठाऊक असतं. मी मशीन उघडून तीन सुटे भाग काढले.

“चूक माझी आहे,” मी म्हणालो. “मी क्लिप बघितली नाही. मला बघवत नाही असलं.”

“तुमची आहेच, सर. पण खाली ‘तपासले’ कुणी लिहिलं?” मॅडम भाचीकडे वळल्या. “तू खेळलेली आहेस. तिघांपैकी कार्ड भलत्याला मिळालं, हे तुला खटकलं नाही?”

मी मधे पडणार होतो. तिने टेबलाखाली माझा पाय दाबला, चांगला जोरात.

“मी तो परिच्छेद वाचलाच नाही, मॅडम. नडगी हा शब्द दिसला आणि खालच्या परिच्छेदावर गेले.”

मॅडमना यामागचं कारण माहीत नव्हतं. मला होतं. तीन वर्षांपूर्वी कल्याणच्या मैदानावर अशाच पुढे आलेल्या तळव्याने तिचा उजवा पाय मोडला, तेव्हा मी कुंपणापाशी होतो. म्हणजे होतो असं मी घरी सांगतो. आवाज आला तेव्हा मी पाठ फिरवली होती. वाळलेली फांदी गुडघ्यावर मोडावी तसा आवाज, आणि मग तिची किंकाळी, तीही एकदाच. स्ट्रेचर गेल्यावर मी वळलो. तिच्या पायात स्टीलची पट्टी आहे अजून.

“क्लायंटने एक तास दिलाय,” मॅडम म्हणाल्या. “दुरुस्त करा आणि माफी लिहा. कन्फर्मेशनचं नंतर बोलू. मला आता काही कबूल करता येणार नाही.”

बाहेर येऊन ती खुर्चीत बसली. “उघड क्लिप.”

“अगं, कशाला? आता कळलंय ना एकच आहे तो.”

“मामा, तू आणि मी दोघांनी तोंड फिरवलं म्हणून तीन माणसं झाली. उघड.”

बघितली. पहिल्यांदा मी ओरडलो, शेजारच्या टेबलावरच्या मुली दचकल्या. आठ नंबर चार पावलं लांबून येतो, चेंडू केव्हाच गेलेला असतो, आणि तळवा नडगीच्या मधोमध बसतो. पाय जिथे वाकायला नको तिथे वाकतो. मग तोच माणूस पडलेल्यावर झुकून बोट नाचवतो. त्याच्या मोज्यावर रक्त असतं, स्वतःचं नसलेलं. तिसऱ्यांदा बघताना तिने माझं मनगट असं धरलं की नंतर दोन दिवस निळं होतं. पण ती बघत राहिली आणि बोलत राहिली. “उजवा पाय. चेंडू नाहीये तिथे, बघ. याला ‘उशिरा पोचला’ म्हणू नकोस. उशिरा पोचतो तो चेंडूसाठी पोचतो.”

“मुळात उशिराच लिहिलंय. मी पदरचं घालू शकत नाही.”

“‘निमूटपणे’ घातलंस की!”

ते मी काढलं. ती वाद घालत राहिली. इटालियनमध्ये हाडं ‘मोडली’ असं आहे, ‘त्याने मोडली’ असं नाही. तिला ‘त्याने’ हवं होतं. “हाडं आपली आपण मोडत नाहीत, मामा.” घड्याळात वीस मिनिटं उरली होती. मी भीत भीत वाचून दाखवलं : “आठ नंबरचा कर्णधार उशिरा पोचला, तळवा हातोड्यासारखा पुढे. नडगीची दोन्ही हाडं मोडली. एके काळी याच प्रतिस्पर्धी संघातून खेळलेला हा आठ नंबर पडलेल्या खेळाडूवर उभा राहून हातवारे करत होता. लाल कार्ड मिळाल्यावर तो मान खाली घालून बाहेर गेला.”

तिने दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा बोट ठेवून, शब्दागणिक.

“राहू दे,” ती म्हणाली. “या परिच्छेदात आता दुसरं कुणीच नाहीये. हाडं कुणी मोडली ते कळेल लोकांना.” आणि खाली लिहिलं : तपासले.

शीळफाट्याहून कुणी आलं नाही. शिव्या संध्याकाळपर्यंत कमी झाल्या, एकाने तर ‘ढुशी मस्त’ असं लिहिलं, ते मी बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणाली, “अहो, तिच्या नोकरीचं काय झालं ते सांगा आधी.”

ते शुक्रवारी झालं. मॅडमनी तिला कायम केलं नाही. तीन महिने वाढवले, आणि एक काम लावलं : यापुढे भाषांतराला हात लावण्याआधी सामना तिने पूर्ण बघायचा आणि एक कागद करायचा, त्यात प्रत्येक टोपणशब्दासमोर जर्सीचा नंबर. कर्णधार, आठ. जुना सहकारी, आठ. मिडफिल्डर, आठ. कागदाशिवाय मला फाइल मिळणार नाही.

तिची आई, म्हणजे माझी बहीण, फोनवर मला बोल बोल बोलली. तिचं बरोबरच होतं. पोरीच्या नोकरीवर मी जवळजवळ तळवा ठेवलाच होता. भाची मात्र पहिला कागद घेऊन आली तेव्हा खूश दिसली. दोन पिवळी कार्डं, एक डोकं फुटलेलं, पाच टाके. सगळं नीट नंबरवार लिहिलेलं.

“सगळं बघितलंस?” मी विचारलं.

“सगळं,” ती म्हणाली. “टाक्यांचं दोनदा.”