बाद मालाची वाटणी

शुद्धलेखनाच्या चुकांबद्दल आधीच माफी मागते. चौथीपर्यंत शिकले, त्यालाही फार वर्षं झाली. अक्षरसुद्धा माझं ओळीवर टिकत नाही, खाली घसरतं. हे कुणाला वाचायला द्यायचं नाही, पण कुणाच्या हाती लागलंच तर त्याने हसू नये एवढंच. तोंडाने मला फार बोलता येत नाही, म्हणून लिहिते.

आम्ही बुवापाड्यात राहतो. आमच्या गल्लीतल्या आणि मागच्या चाळीतल्या मिळून दहा बायका जीन्सचे धागे कापायचं काम करतो. माल उल्हासनगरच्या पाच नंबर कॅम्पातून येतो. तिथला शेठ सिंधी आहे, त्याला आम्ही कोणी पाहिलेलं नाही. त्याच्याशी बोलणं, टेम्पोतून गठ्ठे उतरवून घेणं, माल परत पाठवणं आणि महिन्याला पैसे वाटणं हे सगळं ताई करायची. ताई म्हणजे माझी मैत्रीण. माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी, बारावी झालेली. तिने नगरपालिकेच्या वर्गात कॉम्प्युटर शिकून घेतला होता. मी लग्न होऊन आले तेव्हा शेजारची पहिली बाई जी माझ्या दारात आली ती ताईच. माझ्या बाळंतपणात मला तिनेच न्हाऊ-माखू घातलं. विहारात बसताना ती माझी जागा धरून ठेवायची, कारण मी पुढे जायला लाजते हे तिला ठाऊक.

धागा कापताना कधी कात्रीचं टोक कापडाला लागतं आणि चीर पडते. तो नग बाद. शेठ बाद नगाचे पैसे कापतो. आमचा माल एकत्र करून धुवायला जातो आणि चीर धुतल्यावर उघडी पडते, त्यामुळे कोणाच्या हातून झालं ते कळायला मार्ग नसतो. म्हणून आम्ही दहा जणींनी विहाराच्या ओट्यावर बसून ठरवलं होतं की बाद मालाचा भार दहा जणींनी सारखा वाटून घ्यायचा. ताईच म्हणाली होती, "एकीच्या डोक्यावर नको, सगळ्यांच्या खांद्यावर." मला ते फार आवडलं होतं.

महिन्याच्या शेवटी ती प्रत्येकीला एक कागद छापून द्यायची. त्यावर नाव, नग, दर आणि हातात येणारी रक्कम. बाकी काही नसायचं.

या उन्हाळ्यात मी नेहमीपेक्षा जास्त काम केलं. मला स्वतःचं मशीन घ्यायचं होतं, धाग्याच्या कामातून सुटायचं होतं. महिना भरला तेव्हा माझे नऊशे नग झाले, आणि कागदावर आधीच्या महिन्यापेक्षा कमी रक्कम. मी दोनदा गुणाकार केला. दोन रुपयांनी नऊशे म्हणजे अठराशे, आणि कागदावर बाराशे. बाद कापतात ठाऊक होतं, पण एवढा? मला वाटलं, माझंच काहीतरी चुकतंय. आपण चौथी, ती बारावी.

ताईला विचारलं तर म्हणाली, "अगं वहिनी, या वेळी बाद जास्त आला. शेठनं दणका दिला." मी मान हलवली आणि घरी आले. तरी मन मानेना. बाद एवढा जास्त, तर मग शेजारणीच्या हातात माझ्याहून जास्त पैसे कसे पडले? तिचे नग माझ्याहून कमी होते.

माझी सून एमआयडीसीतल्या एका केमिकलच्या कंपनीत हिशोब बघते. मी तिला सांगितलं, तेही भाजी निवडता निवडता, जणू काही विशेष नाही असं. ती म्हणाली, "आई, मावशींनाच बोलवूया. फाइल उघडून बघितली की कळेल."

मला नको होतं. ताई काय म्हणेल, संशय घेतला असं वाटेल. पण सुनेनं फोन करून टाकला.

रविवारी दुपारी ताई लॅपटॉप घेऊन आली. "जयभीम वहिनी, काय गं, सासूची वकील झालीस का?" असं सुनेला म्हणत बसली. सून हसली. ताईनेच फाइल उघडली. "हे बघ, ही तुझी सासू, सातवी ओळ. कॉम्प्युटर चुकत नाही गं बाई."

"कॉम्प्युटर नाही चुकत मावशी, फॉर्म्युला चुकू शकतो," सून म्हणाली. "मी जरा बघू?"

"बघ की. माझं काय जातंय."

सुनेनं माझ्या रकमेच्या चौकोनावर बोट ठेवलं, मग वरून काहीतरी निवडलं. पडद्यावर निळे बाण आले. नगाच्या चौकोनातून, दराच्या चौकोनातून आणि एका तिसऱ्या चौकोनातून बाण येऊन माझ्या रकमेत घुसत होते. "आई, तुमची रक्कम या तिघांवरून बनते," तिनं मला सांगितलं. तिसऱ्या चौकोनावर लिहिलं होतं, बाद वाटणी. छापलेल्या कागदावर तो रकाना कधीच आला नव्हता.

मग तिनं एक छोटी खिडकी उघडली. त्यात सगळा हिशोब एका ओळीत दिसत होता आणि एका तुकड्याखाली रेघ होती. ती बटण दाबायची तशी रेघेवरच्या तुकड्याची किंमत तिथे यायची आणि रेघ पुढे सरकायची. एकेक पायरी. आधी नऊशे आले. "नग बरोबर?" मी मान हलवली. मग दोन आले. "दर बरोबर?" बरोबर. पुन्हा दाबलं, अठराशे झाले. माझा गुणाकार बरोबर होता. मला उगाच आनंद झाला, जणू चौथीच्या बाईंनी शाबासकी दिली.

पुन्हा बटण दाबलं आणि बाद वाटणीच्या जागी सहाशे आले. अठराशेतून सहाशे, बाराशे.

"सहाशे?" सून म्हणाली. "मावशी, बाद एकूण किती होता?"

"चोवीसशे. शेठचा मेसेज आहे माझ्याकडे, दाखवू?" ताईचा आवाज अजून मोकळा होता.

"दहा जणी ना? मग प्रत्येकी दोनशे चाळीस यायला पाहिजेत."

"अगं, ते पैशांचं पुढे-मागे असतं. तुला नाही कळायचं, ते कारखान्याचं असतं."

सुनेनं खिडकी बंद केली, बाद वाटणीच्या चौकोनावर गेली आणि पुन्हा बाण मागितले. या वेळी बाण निळा नव्हता, काळा तुटक होता आणि त्याच्या टोकाला छोट्या तक्त्यासारखं चित्र होतं. "म्हणजे हे दुसऱ्या पानावरून येतंय," तिनं मला सांगितलं. त्या रेघेवर दोनदा दाबल्यावर एक यादी आली, आणि त्यातला एक पत्ता निवडल्यावर आम्ही दुसऱ्या पानावर गेलो. पानाचं नाव बाद.

ताई म्हणाली, "चहा टाकते मी." माझ्या घरात. मीच तिला म्हटलं, "बस गं."

त्या पानावर एका चौकोनात चोवीसशे होते आणि त्याच्या खालच्या चौकोनात चार. चोवीसशे भागिले चार, सहाशे. सून त्या चारच्या चौकोनावर गेली आणि पुन्हा बाण मागितले. एक निळा बाण आला आणि नावांशेजारच्या अख्ख्या रकान्याभोवती निळी चौकट आली. रकान्याच्या वर लिहिलं होतं, धरायचं का. आमची दहाही नावं खाली होती. चार नावांपुढे "हो" होतं. बाकी सहांपुढे काहीच नव्हतं.

"हा चौकोन 'हो' मोजतो," सून म्हणाली. "ज्यांच्यापुढे हो, त्यांच्यातच वाटणी. बाकीच्यांना शून्य." ती ताईकडे वळली. "मावशी, हे हातानं लिहिलंय. फॉर्म्युल्यात चूक नाही."

मी नावं वाचली. मला हळू वाचता येतं, पण चारच नावं होती. मी. मागच्या चाळीतली, जिचा नवरा अंथरुणाला खिळलाय ती. ती बिहारची, जिला मराठी नीट येत नाही. आणि विहाराजवळची म्हातारी. ताईचं नाव रिकामं होतं. तिच्या बहिणीचंही.

मी ताईकडे बघितलं. मला वाटलं ती म्हणेल, चुकून झालं. मी ते मानलं असतं, खरंच मानलं असतं.

ती म्हणाली, "वहिनी, त्या बाकीच्या भांडतात गं. मागच्या वर्षी त्या घाऱ्या डोळ्यांच्या बाईनं पन्नास रुपये कमी आले म्हणून माझी ओढणी धरली. त्यांच्यावर टाकलं असतं तर काम सोडून गेल्या असत्या आणि शेठनं माल बंद केला असता. तुम्ही चौघी काही बोलत नाही. म्हणून तुमच्यावर टाकलं. सगळ्यांचं काम चालू राहावं म्हणूनच ना?"

"आणि तुमचं नाव?" सुनेनं विचारलं.

"मी एवढी धावपळ करते, कोणी मला पगार देतं का?"

सून आणखी काही म्हणणार होती, मी तिचा हात धरला. मी लाजते हे ताईला माहीत होतं. त्यावर ती कित्येक वर्षं पांघरूण घालत आली होती. दुकानात माझ्यासाठी भाव तीच करायची, शाळेत माझ्या मुलाबद्दल तीच बोलायची. तेच जपलेलं माझं न बोलणं तिनं एका रकान्यात वापरून टाकलं. पैशांपेक्षा मला तो रकाना लागला. तिनं तिथं माझ्या नावापुढे 'हो' लिहिताना मी डोळ्यांसमोर आले असेन की नाही, हा प्रश्न मला अजून पडतो.

"किती महिन्यांपासून?" मी विचारलं. माझा आवाज मलाच ऐकू आला नाही, म्हणून परत विचारलं.

सुनेनं फाइलीतली मागच्या महिन्यांची पानं एकेक उघडली. सगळीकडे तीच चार नावं. दिवाळीच्या आधीपासून.

तेव्हा मी बोलले. आयुष्यात इतकं सलग मी कुणापुढे बोलले नसेन. "ताई, वाटणी दहा जणींत कर. सगळे महिने धर. जो फरक येईल तो मला दे, आणि त्या तिघींना पण दे. त्यांना मी सांगणार आहे."

"मी कुठून आणू एवढे? मी काय खाल्लेत का?"

"तुझे आणि तुझ्या बहिणीचे हिस्से तू भर. बाकी चौघींकडून मागून घे. भांडतील तर भांडू देत."

ती उठली. लॅपटॉप तसाच उघडा ठेवून चपला घालायला लागली, मग आठवण होऊन परत आली आणि तो बंद करून घेऊन गेली. जयभीम म्हणाली नाही. मीही म्हटलं नाही.

पुढचे काही महिने आम्ही एका गल्लीत राहून एकमेकींकडे न बघता नळावर पाणी भरलं. घाऱ्या डोळ्यांची बाई ताईशी भांडली, पण आपला हिस्सा दिला. बाकीच्यांनी कटकट करत दिला. दर महिन्याला वाटणीच्या दिवशी ताई थोडे थोडे पैसे पाठवायची, बहिणीच्या हातून. आता हिशोबाची फाइल महिन्याला माझ्या सुनेकडे येते आणि छापलेल्या कागदावर बाद वाटणीचा रकाना असतो. त्या बिहारच्या बाईला मी तो रकाना बोटानं दाखवून समजावते.

मला ताईची आठवण येते. हे लिहायलाही नको वाटतं, पण येते. बाळंतपणात तिनं मला न्हाऊ घातलेलं खोटं नव्हतं, आणि तो रकानाही खोटा नव्हता. दोन्ही एकाच हातांनी केलं.

शेवटचा हप्ता मात्र ती स्वतः घेऊन आली. उंबऱ्याच्या बाहेर उभी राहिली, आत ये म्हणायची मीही घाई केली नाही. तिनं पाकीट दिलं. आत माझे आणि त्या तिघींचे वेगवेगळे बांधलेले होते, प्रत्येकावर नाव.

"झाले सगळे," ती म्हणाली.

मी तिच्यासमोर उघडून बघितलं. सगळे होते.