विलंबाचे कारण

महागावच्या कॉलेजात मुदत उलटलेले विद्यार्थी नीळकंठबाबू या कारकुनाच्या टेबलाशी येत. तीन वर्षांची बी.ए. सहा वर्षांत पुरी झाली नाही, की विद्यापीठ परीक्षेला बसू देत नसे. मग प्राचार्यांच्या शिफारशीनं मुदतवाढीचा अर्ज जाई. त्यातल्या ‘विलंबाचे कारण’ या रकान्यात बाबू वीस वर्षं एकच शब्द भरत आले होते: आजारपण. तालुक्यात एवढे आजारी असते, तर कॉलेजातच दवाखाना उघडावा लागला असता!

यंदा शिलाईवाली शमसुन्निसा आली. तिचा इंग्रजीचा एकच पेपर नऊ वर्षं अडलेला. बाबूंनी सवयीनं ‘आ’ लिहिला, तशी ती उसळली.

“कायचं आजारपण, बाबूजी? एक दिवस पडून नव्हती मी. तीन लेकरं वाढवली, गावभराचे ब्लाउज शिवले. तेच लिहा!”

“असं कोनी लिवते का? फेटाळतील ना!”

“फेटाळू द्या. खोटं बोलून पास नाही व्हायचं मले.”

बाबूंनी कुरकुरत तेच लिहिलं.

महिन्याभरात मंजुरी आली: विशेष बाब म्हणून एक संधी. त्या संधीचं तिनं सोनं केलं, आणि निकालाच्या दिवशी बाबूंपुढं शीरखुर्म्याचा डबा ठेवला.

डबा चाटूनपुसून संपवल्यावर बाबूंनी स्वतःच्या अडलेल्या एम.ए.साठी मुदतवाढीचा अर्ज भरला. कारण लिहिलं: आळस.

प्राचार्यांनी हसत खाली शेरा मारला: ‘कारण खरे आहे. मी रोज पाहतो.’