नत्थूजींचा हयातीचा दाखला

नागपुरात, सदर भागातल्या आमच्या चाळीत नत्थूजी बोलू लागले की कोपऱ्यावरच्या पानठेल्यापर्यंत ऐकू जायचं. जन्मभर बांधकाम खात्याचा रोड रोलर चालवला, त्या धडधडीत कान गेले. स्वतःला ऐकू येत नाही म्हणून जगालाही येत नसावं, असा त्यांचा समज. उंच, काळेसावळे, डाव्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत भाजल्याचा व्रण. जुन्या वाफेच्या इंजनाच्या बॉयलरनं दिलेला. तो व्रण ते पाहुण्यांना पदकासारखा दाखवायचे. स्वभाव मात्र इंजनापेक्षा तापट. त्यांच्या बायकोचं, कौसल्याबाईंचं, अर्धं आयुष्य "जाऊ द्या नं" म्हणण्यात गेलं.

मी शेजारच्या खोलीत राहायची, शाळेत शिकवायची. मुलं मला बाई म्हणायची, म्हणून नत्थूजीही बाईच म्हणत.

चौऱ्याऐंशीच्या उन्हाळ्याच्या तोंडावर दोघं नवराबायको खापा गावाहून परतली. ऑक्टोबरात कौसल्याबाईंच्या भावाकडे, रुपरावांकडे, चार दिवसांसाठी म्हणून गेली होती. तिथं नत्थूजींना विषमज्वर झाला. त्यातून उठतात तो उलटला. सगळी थंडी अंथरुणात गेली. परत आले तेव्हा अंगावर सदरा खुंटीला टांगल्यासारखा दिसत होता आणि हाताला कंप सुटला होता. सेवा करून करून कौसल्याबाईच खोकायला लागल्या. छातीचा फोटो काढला, तर क्षय. दवाखान्यातला साठा संपला होता, म्हणून डॉक्टरांनी इंजेक्शनं बाहेरून आणायला सांगितली आणि बजावलं, खंड पडता कामा नये. पहिल्या वेळेला मी आणून दिली. दुसऱ्यांदा नत्थूजींनी हात जोडून नाही म्हटलं.

"पेन्शन जमली असन बँकेत. माह्या बायकोचं औषध मी आणीन."

माझं पगाराचं खातं त्याच बँकेत, म्हणून त्यांच्यासोबत मीच गेले. पासबुक भरून आलं. ऑक्टोबरनंतर एकही पेन्शन जमा नव्हती.

काउंटरवरच्या कारकुनानं सांगितलं ते सरळ होतं. दर वर्षी नोव्हेंबरात पेन्शनरनं बँकेत येऊन हयातीचा दाखला भरायचा, म्हणजे मी जिवंत आहे असं अधिकाऱ्यासमोर सही करून द्यायचं. नाही दिला की पेन्शन थांबते. मात्र ती बुडत नाही. दाखला आला की अडलेली सगळी एकदम जमा होते.

"आजारी होते," मी म्हटलं. "येणार कसे?"

"मग राजपत्रित अधिकाऱ्याच्या सहीचा दाखला पाठवायचा. नाहीतर आम्हाला कळवायचं, आमचा माणूस घरी येतो. आता स्वतः आलेत ना, मग प्रश्नच मिटला. पेन्शनचं पुस्तक आणलंय?"

पेन्शनची ऑर्डर, जिला सगळे पुस्तक म्हणतात, तिची एक प्रत नत्थूजींच्या पिशवीत होती, दुसरी बँकेत. कारकून आतून बँकेची प्रत घेऊन आला, तेव्हा त्याचा चेहरा बदललेला होता. त्यानं आम्हाला साहेबांच्या टेबलाशी नेलं.

मधुकरराव नावाचे ते अधिकारी मवाळ आवाजाचे होते. ते आधी कागदाकडे, मग नत्थूजींकडे पाहत राहिले.

"हे पेन्शनर ऑक्टोबरात वारल्याची आमच्याकडे खबर आहे."

नत्थूजींना ऐकू आलं नाही. मी त्यांच्या कानाशी ओरडले, आणि सगळ्या बँकेला ते मेल्याचं कळलं.

"मी?" नत्थूजी उठून उभे राहिले. "मी मेलो? मंग हे काय उभं हाय, भूत?"

"बसा, काका. कोणीतरी लेखी दिलंय, तेही रक्ताच्या नातेवाइकानं. मला खात्री करूनच पुढं जावं लागतं."

त्यांनी प्रामाणिकपणे एकेक गोष्ट तपासली. फोटो निवृत्तीच्या वेळचा, भरल्या गालांचा आणि झुपकेदार मिशांचा. समोरचा माणूस हाडांचा सापळा. ओळखीची खूण, डाव्या हातावर भाजल्याचा व्रण, ती जुळली. मग सही करायला सांगितली. नत्थूजींनी पेन धरलं आणि हात असा थरथरला की कागदावर मुंग्या पळाल्यासारख्या रेघा उमटल्या. बँकेतल्या नमुन्याची सही मोत्यासारखी होती. ते पुन्हा पुन्हा करून बघू लागले, कपाळावर घाम आला. मला बघवेना.

"राहू द्या," साहेब म्हणाले. "हात कापत असेल तर डाव्या अंगठ्याचा ठसा चालतो. पण दोन साक्षीदार हवेत, बँकेच्या ओळखीचे. बाई, तुमचं खातं इथं आहे, एक तुम्ही. आणि ज्यानं मृत्यूची खबर दिली, त्यानं ती चुकीची होती असं लिहून द्यावं. त्याचंही खातं इथंच आहे. दुसरा साक्षीदार तोच झाला तर कामच संपलं."

"कोण आहे?"

त्यांनी नाव वाचलं. जागेश्वर.

मी ते नत्थूजींच्या कानात सांगितलं नसतं तर बरं झालं असतं. जागेश्वर त्यांचा पुतण्या. भाऊ लवकर गेला, यांना स्वतःला मूलबाळ नव्हतं, म्हणून या दोघांनीच त्याला वाढवला. नत्थूजींनी खात्यातल्या साहेबांच्या हातापाया पडून त्याला रोलरवर लावायचं ठरवलं होतं. मुलाखतीच्या दिवशी पोरगा गेलाच नाही. बापाचा हातमाग सोडणार नाही म्हणाला. खात्यात नत्थूजींचं तोंड काळं झालं. त्या दिवशी त्यांनी त्याला सांगितलं होतं, "माह्या मयतीले बी येऊ नको." त्याला सहा वर्षं झाली होती.

"बदला घेतला त्यानं!" सगळी बँक ऐकत होती. "जितेपणी मारून टाकलं मले! त्याच्या दारात मी जानार नाई. पेन्शन गेली चुलीत!"

चुलीत पेन्शन जाणार नव्हती, कौसल्याबाईंची इंजेक्शनं जाणार होती. पुढचं इंजेक्शन दुसऱ्या दिवशी द्यायचं होतं, आणि औषधवाल्यानं उधारी बंद केली होती. हे मी रस्ताभर त्यांच्या कानाशी ओरडत आले. ते खाली मान घालून चालत राहिले. इतका राग आला होता मला त्या म्हाताऱ्याचा!

घरी कौसल्याबाईंनी सगळं ऐकलं आणि पदर तोंडाला लावून रडायलाच लागल्या.

"जागेश्वरचं काई नाई वं बाई. कावळा शिवला होता यायले."

खाप्याच्या शेतात चिंचेखाली बसलेल्या नत्थूजींच्या डोक्यावर कावळा येऊन बसला होता. कावळा शिवला म्हणजे मरण जवळ आलं. त्यावर तोडगा ठरलेला: कुणातरी जवळच्याला माणूस गेल्याची खोटी खबर धाडायची. तो खरंखुरं रडला की मरण टळतं. मग खरं काय ते कळवायचं. त्याच संध्याकाळी नत्थूजींना ताप भरला आणि रुपराव घाबरले. त्यांनी नागपूरला निघालेल्या एका गाववाल्याबरोबर जागेश्वरला निरोप धाडला, काका गेले, माती बी झाली.

"आणि खरं कधी कळवलं?"

"तोच मानूस वापस आला का त्याच्याच हाती कळवू म्हने. तो तिकडंच रायला. मंग ताप उतरेचना, कोनाले सुचलं नाई. आमाले वाटलं, कळलंच असन त्याले."

"बाई, तुम्हाला तरी अक्कल?" मी ओरडले. क्षयाच्या बाईवर ओरडू नये हे मला कळत होतं, तरी ओरडले. नत्थूजी आमच्या तोंडांकडे पाहत होते. त्यांच्या कानात हे सांगायचं धाडस कौसल्याबाईंना झालं नाही, आणि मी मुद्दाम सांगितलं नाही. म्हटलं, आधी जागेश्वरला गाठू.

कौसल्याबाईंकडून जागेश्वरचा पत्ता घेऊन मी रिक्षानं इतवारीत गेले. गल्लीत शिरताच मागाचा खटका ऐकू आला. जागेश्वर मागाच्या खड्ड्यात पाय सोडून विणत होता. तिशीचा, काकासारखाच उंच. त्याची बायको देवकी सुताच्या कांड्या भरत होती. मी ओळख सांगितली आणि एका दमात म्हटलं, "तुमचे काका जिवंत आहेत."

त्यानं टाकलेला धोटा धाग्यांत अर्ध्यातच अडकला.

"काहून थट्टा करता जी?"

मी कावळ्याची हकिकत सांगितली. त्यानं ताण्याच्या उभ्या धाग्यांवर हात टेकला. मग उठला, मोरीत जाऊन तोंडावर पाणी मारलं. परत आला तो चिडूनच.

"मेल्यावर बी त्याईनंच मले फसवलं का? मी डोकं भादरलं! यायनं मयतीले येऊ नको सांगतलं होतं, म्हनून खाप्याले गेलो बी नाई."

"मग बँकेत कशाला गेलात?"

त्याच्याऐवजी देवकी बोलली. "काकूचं कसं होईन म्हनून. काका गेले तं तिले अर्धी तरी पेन्शन भेटते म्हने, ते इचारून राहिले होते. साहेब म्हनले लिहून द्या, यायनं देलं. काकूले सांगाले खाप्याले कसे जातीन? तोंड दाखवू नको म्हनलेला मानूस."

"उद्या बँक उघडताच या," मी म्हटलं. "तुमच्या काकूच्या इंजेक्शनाचा प्रश्न आहे." तो पुन्हा खड्ड्यात उतरला आणि अडकलेला धोटा सोडवू लागला.

दुसऱ्या दिवशी मी नत्थूजींना अक्षरशः ओढत नेलं. पुतण्या येणार म्हटलं असतं तर ते आलेच नसते, म्हणून ठशासाठी चला एवढंच सांगितलं. बाकावर बसलो. टोकनं पुकारली जात होती. साहेबांनी दोनदा मान वर करून माझ्याकडे बघितलं. काउंटर बंद व्हायची वेळ जवळ आली. तो येत नाही, म्हटलं, काकाचाच पुतण्या.

आणि तो आला. अंगावर सुताचा भुसा तसाच, पायात एक चप्पल तुटलेली. आला तो थेट साहेबांकडे गेला, उभ्याउभ्याच लिहून दिलं की दिलेली खबर चुकीची होती, काका जिवंत आहेत, मी स्वतः ओळखतो. मग बाकापर्यंत आला आणि थांबला.

नत्थूजींनी त्याला पाहिलं. त्यांचा आवाज चढायच्या आत मी त्यांच्या कानाला तोंड लावलं आणि सगळं सांगितलं. कावळा, रुपराव, भादरलेलं डोकं, काकूच्या पेन्शनची चौकशी. सगळं, सगळ्या बँकेसमोर. त्या दिवशी मला कुणाचीही लाज वाटली नाही.

साहेबांनी नत्थूजींना बोलावलं. त्यांच्या डाव्या अंगठ्याला शाई लागली, ठसा उमटला. मी सही केली, माझ्याखाली जागेश्वरनं केली. साहेबांनी दाखल्यावर शिक्का मारला आणि कारकुनाला अडलेली पेन्शन लगेच जमा करायला सांगितलं. हाती पैसे आले तेव्हाच मी काउंटरपासून हलले.

पायऱ्या उतरताना नत्थूजी थांबले.

"रडला होता का रे?" त्यांनी विचारलं. रस्त्यावरचे लोक वळून पाहू लागले.

जागेश्वरनं मान हलवली. मग बहिऱ्याला मान पुरणार नाही असं वाटून की काय, ओरडून म्हणाला, "लय रडलो जी!"

नत्थूजींनी शाईचा अंगठा धोतराला पुसला. त्यांचा हात थरथरत होता, तो त्यांनी पुतण्याच्या खांद्यावर ठेवला, तिथं तो जरा थांबला.

"मंग तुह्याच्यानंच वाचलो मी," ते म्हणाले. "चाल, काकूचं औषध घेऊ." दोन पावलं गेले आणि मागे वळून, माझ्या आठवणीतल्या सर्वांत हळू आवाजात म्हणाले, "आन हे पाह्य, खरा मरीन नं गा, तवा येजो."