रेषेबाहेरचं पाणी

भाईंदर पूर्वेच्या एका खासगी लॅबमध्ये मी पाणी तपासायचे. एकदा क्रोम प्लेटिंगच्या कारखान्याचं सांडपाणी आलं. क्रोमियमसाठी मी आधी ठरावीक तीव्रतेची पाच द्रावणं रंग आणून, प्रकाश किती शोषला जातो ते मोजणाऱ्या स्पेक्ट्रोफोटोमीटरवर वाचली. लिटरमागे ०.२ मिलिग्रॅमला शोषण ०.१५ आलं, १ मिलिग्रॅमला ०.७५, आणि मधले बिंदूही सरळ रेषेवर बसले. आमची पद्धत तेवढ्यातच, ०.२ ते १ पर्यंत, चालते. नमुन्याचं शोषण मात्र थेट २.४ वर गेलं.

"रेष पुढे ओढ आणि ३.२ लिही," लॅबचे मालक म्हणाले.

"सर, तिथे रेष वाकते. खरा आकडा जास्त असणार. पातळ करून बघते."

दहापट पातळ केल्यावर शोषण ०.४५ आलं, म्हणजे ०.६. मूळ पाण्यात ६ मिलिग्रॅम.

सरांनी दोन्ही आकडे पाहिले आणि हसले. "पार्टी आपली आहे गं. ३.२च जाऊ दे."

मला शिसारी आली. तेच पाणी नाल्यातून खाडीत जाणार होतं. मी अहवालावर सही केली नाही, तर त्यांनी स्वतः केली आणि वर मला चहा विचारला. तो न पिताच मी राजीनामा लिहायला बसले.