कटनंतरची सहा मिनिटं

लिंबाजीकाकांवर मी आयुष्यात एकदाच ओरडले. त्याचं वाईट अजून वाटतं, आणि ओरडणं बरोबरच होतं असंही अजून वाटतं.

आमचा स्टुडिओ लातूरच्या ट्यूशन एरियात, दुसऱ्या मजल्यावर. खाली झेरॉक्स, वर मुलींचं हॉस्टेल, समोरच्या भिंतीवर डॉक्टर होणाऱ्या पोरांचे फोटो. मी एडिटर. म्हणजे वर्षभर फिजिक्सच्या सरांचे खोकले कापायचे, टॉपर पोरांच्या मुलाखतींतून "आईवडिलांचा आशीर्वाद" एवढं वाक्य ठेवायचं आणि बाकीचं फेकायचं. या कामाला मी इतकी विटले होते, की नांदेडची मनस्विनी लातूरच्या भूकंपावरची फिल्म घेऊन आली तेव्हा मी काहीही न विचारता हो म्हटलं. २०२३ साल, भूकंपाला तीस वर्षं होत होती. मनस्विनीनं गावागावांत फिरून लोकांना बोलतं केलं होतं आणि एक्केचाळीस तासांचं शूटिंग माझ्या टेबलावर आणून ठेवलं होतं.

एक्केचाळीस तास कोण बघत बसणार? त्याची एक रीत असते. आधी सगळं बोलणं टाइप करून घ्यायचं. कोणती क्लिप, कितव्या मिनिटाला, कोण बोललं, काय बोललं. शेजारच्या रकान्यात टॅग लावायचा: विषय काय, आवाज चांगला की खराब, कामाचं की बिनकामाचं. मग एडिटरनं शोधच्या चौकोनात शब्द टाकला की तो जिथं जिथं आला ती सगळी ठिकाणं समोर येतात. त्यातले चांगले तुकडे ओळीनं लावले की कच्चा कट उभा राहतो. मशीन टाइप करून देतं म्हणे. आम्ही करून पाहिलं. निलंग्याकडच्या बायांची भाषा ऐकून मशीनला येड लागलं. मग लिंबाजीकाकांना बोलावलं.

काका अठ्ठावन्न वर्षांचे. मान खाली, चष्मा दोरीनं गळ्यात, शर्टाच्या खिशात लाल आणि हिरवा असे दोन पेन. मराठी टायपिंग त्यांच्या बोटांत मुरलेलं. एका क्लासमध्ये बावीस वर्षं त्यांनी नोट्स टाइप केल्या आणि सराव परीक्षेचे पेपर तपासले. पेपर तपासावेत तर काकांनीच, असं ते क्लासवाले म्हणायचे. प्रश्नाला सोडून एक ओळ लिहिली की तिच्यावर लाल रेघ. घंटा झाल्यावर लिहिलेलं तर ते वाचायचेसुद्धा नाहीत. "टाइम संपला की पेपर संपला, ताई," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

काका स्वतःही भूकंपाच्याच पट्ट्यातले. हे कळल्यावर मनस्विनीनं पहिल्याच दिवशी माइक तपासायच्या निमित्तानं त्यांना कॅमेऱ्यापुढं बसवलं. त्या रात्री तुम्ही कुठं होता? काकांनी चार वाक्यांत उत्तर दिलं. लातूरला होतो. टायपिंगची परीक्षा होती. सकाळी कळलं. गावाकडं गेलो. झालं. मी मनात म्हटलं, या माणसानं स्वतःलासुद्धा मॉडेल आन्सर दिलं.

दोन महिने काका सकाळी दहाला यायचे, कानात हेडफोन घालून संध्याकाळी सहापर्यंत टाइप करायचे. चहा घेताना एक अक्षर बोलत नसत. रकाने कसे स्वच्छ! कामाचं ते हिरवं, बिनकामाचं ते लाल. मी हिरवं तेवढं उचललं आणि जोडलं. दोन तासांचा कच्चा कट तयार झाला आणि तो बघून मला रडू यायचं बाकी राहिलं. दुःखानं नाही, कंटाळ्यानं. गणपती बुडवून आलो, झोपलो, पहाटे हादरा बसला, माती पडली. पुढचा माणूस: गणपती बुडवून आलो, झोपलो. अरे देवा! खरं बोलणारी माणसं, आणि एका साच्यातून काढल्यासारखी कशी?

तेवढ्यात मनस्विनीचा फोन आला. "विशाखा, नागाबाईच्या लेकीचं नाव कुठं घेतलंयस?"

नागाबाई म्हणजे निलंग्याच्या अलीकडं, पुनर्वसनाच्या गावात राहणाऱ्या सत्तरीच्या बाई. त्यांची दहा वर्षांची लेक गेली होती. फोटो एकही नाही. फेब्रुवारीत शूटिंग झालं तेव्हा संमतीच्या कागदावर अंगठा द्यायला त्यांनी नकार दिला होता. "आधी पिच्चर दावा. माझ्या लेकीचं नाव त्यात आलं तर आंगठा दीन. मला वाचता येत न्हाई, तवा लिहून नका दावू. मला ऐकू आलं पायजे." मनस्विनी हो म्हणून आली होती. आणि जूनमध्ये नागाबाईंना लकवा झाला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. आता पुन्हा कॅमेरा लावून काही उपयोग नव्हता. जे काही होतं ते माझ्याकडच्या शूटिंगमध्येच होतं. आणि रविवारी आम्ही कट घेऊन त्यांच्याकडं जाणार होतो.

लेकीचं नाव शिवकन्या. मी शोधच्या चौकोनात ते टाकलं. एकही ठिकाण नाही. लेक, पोरगी, शिवी, कन्या, सगळं टाकून पाहिलं. नागाबाईंचं शूटिंग तीन तास वीस मिनिटांचं आणि टाइप केलेली पानं जेमतेम सव्वा तासाची. बाकी ठिकाणी नुसता लाल रंग आणि एक शब्द, अवांतर.

"काका, हे काय आहे?"

"त्या घरगुती बोलत व्हत्या, ताई. दोडक्याचा वेल, पोरीची वेणी. प्रश्न भूकंपाचा व्हता."

मग मी ओरडले. "हा काय नीटचा पेपर आहे का काका? त्या बाईची लेक गेलीय! ती वेणीबद्दल नाही बोलणार तर काय रिश्टर स्केलवर बोलणार? हे टाइपच झालं नाही तर मी शोधू कशात, माझ्या डोक्यात?"

काकांनी हेडफोन उचलले, नागाबाईंची पहिली क्लिप लावली आणि कीबोर्ड पुढं ओढला. मी शेजारच्या मशीनवर दुसरी लावली. यात पळवाट नसते. दोन तास ऐकायला दोन तासच लागतात, आणि मागंपुढं करत टाइप करायचं तर दहा. दोन दिवस आम्ही तेच केलं. पाठ धरली, कान दुखायला लागले. नागाबाई किती काय काय बोलल्या होत्या! लेकीला दोडका आवडायचा नाही. विहिरीवर जाताना ती मागं मागं चालायची. हे सगळं मी लाल समजून टाकून दिलं होतं, या विचारानं माझीच मला लाज वाटली. पण नाव? नाव कुठंच नाही. माझी पोरगी, ती, थोरली, बस्स.

शुक्रवारी दुपारी मी हेडफोन काढून टेबलावर टाकले. "नाहीच घेतलं त्यांनी. मनस्विनीला सांगून टाकते."

काका रकान्याकडं बघत बसले होते. मग हळूच म्हणाले, "एक ऱ्हायलंय. कट म्हणल्यावरचं."

"म्हणजे?"

"शेवटची क्लिप माझ्याकडं व्हती. मॅडमनी कट म्हणलं की म्या पुढचं आताबी ऐकलं न्हाई. सरळ लाल केलं. वेळ संपल्यावरचं, चित्रबी न्हाई."

शेवटच्या क्लिपमध्ये 'कट'नंतर कॅमेरा सहा-सात मिनिटं चालूच राहिला होता. पडद्यावर फरशी, कुणाची तरी चप्पल, वायरींचं भेंडोळं. पण माइक अजून नागाबाईंच्या पदरालाच होता. चहाच्या कपांचा आवाज आला, मग पेटी उघडल्याचा. आणि मग नागाबाई, अगदी कानाशी बोलल्यासारख्या: "ही वाटी गावली मातीत. बारशाला मामानं दिल्ती. नाव घातलंय बघा तिच्यावर. मला वाचता येत न्हाई, पण बोट फिरवलं की कळतं. शि-व-कन्या. शिवकन्या माझी."

मी काकांचा हात धरला.

चित्र लाल, पण आवाज हिरवा. एकाच तुकड्याला दोन टॅग लागायला हवे होते आणि आम्ही एकच लावून मोकळे झालो होतो. आवाज चांगला असला की चित्र कुठूनही आणता येतं, हे मला कळायला हवं होतं. काकांवर ओरडताना ही माझी चूक मी सोयीनं विसरले होते. मनस्विनी शनिवारी पहाटेच नांदेडहून निघाली, परस्पर निलंग्याकडं गेली आणि नागाबाईंच्या सुनेकडून वाटी मागून तिचं चित्रण करून आली. चेमटलेली छोटीशी स्टीलची वाटी, ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं नाव. मी ते चित्र त्या आवाजावर बसवलं.

रविवारी आम्ही तिघं गेलो. नागाबाई बाजेवर, उशीला टेकून. सुनेनं तोंड पुसलं. मी लॅपटॉप त्यांच्या मांडीजवळ ठेवला आणि आवाज मोठा केला. स्वतःचा आवाज ऐकून त्यांनी आधी इकडंतिकडं पाहिलं, कोण बोलतंय म्हणून. मग नाव आलं. त्यांच्या वाकड्या झालेल्या तोंडातून एक आवाज निघाला. त्याचा शब्द झाला नाही. डाव्या हाताचं बोट उचलून त्यांनी पडद्यावरच्या वाटीवर फिरवलं. मी पुन्हा लावलं. चार वेळा लावलं. चौथ्या वेळी त्यांनी डावा अंगठा पुढं केला. सून रडत रडत शाई आणायला गेली.

परत येताना एसटीत मनस्विनी दमून झोपली. काका खिडकीशी बसले होते. मी म्हटलं, "काका, त्या दिवशी जास्तच बोलले. माफ करा."

"खरंच बोलल्या तुम्ही," ते म्हणाले. औसा मागं पडल्यावर म्हणाले, "माझ्याबी कटनंतरची सहा मिनिटं हायेत. पहिल्या दिवसाची. माइक काढंस्तवर मॅडमला सांगत बसलो होतो. नंतर म्याच लाल केली."

"काय सांगत होता?"

"धाकटा भाऊ व्हता. धाव्वीला, लातूरला माझ्यापाशीच ऱ्हायचा. अकरावीला इकडं क्लास लावायचा व्हता त्याला. त्याचं अक्षर लई वंगाळ, मीच त्याच्या वह्या तपासायचो. गणपती हाय म्हणून म्याच त्याला म्हणलं, दोन दिस ऱ्हा गावाकडं, मग ये."

मला पहिल्या दिवशीची ती चार वाक्यं आठवली.

काकांनी खिशातला हिरवा पेन काढला, उगाच टोपण उघडलं, बंद केलं. "उद्या तेवढं टाइप करतो, ताई. शोधलं तर सापडू द्या. ग्यानोबा नाव व्हतं त्याचं."