पालथा वाडगा

त्या दिवशी सकाळी साय मी चारली होती. हे वाक्य मी आजवर कोणापाशी बोललेलो नाही. भावापाशी नाही, बायकोपाशी नाही, आणि जिला सांगायला हवं होतं तिच्यापाशी तर नाहीच.

आम्ही गोंदियात राहत होतो. घरात तीन माणसं, तिघंही कामाला जाणारी. दादा रेल्वेच्या मालधक्क्यावर बाबू होता. त्याची ड्युटी कधी दिवसाची, कधी रात्रीची. मी राइस मिलमध्ये धानाच्या काट्यावर. आणि वहिनी मुलींच्या शाळेत मास्तरीण. माय आमगावला शेतीपाशीच राहायची. वहिनीच्या नोकरीची गोष्ट निघाली की ती एवढंच म्हणायची, "घरात धनी कमवून राहिला, मंग बाईनं कायले जाव?" दादा तोंडानं काही म्हणत नसे, पण त्याच्याही मनात तेच होतं.

मला वहिनी पहिल्या दिवसापासून आवडली नाही. ती नागपूरकडची, ट्रेनिंगची परीक्षा पास झालेली. मी मॅट्रिकला बसलो आणि बसलेलाच राहिलो. मी "मले" म्हटलं की ती वाढता वाढता म्हणायची, "मला, भाऊजी." दादा हसायचा. ती चिडवत नव्हती, सवयीनं बोलत होती, हे आता कळतं. तेव्हा मी अर्ध्या जेवणातून उठायचो.

कुत्र्याचं पिल्लू दादानं आणलं. एका गार्डसाहेबाची बदली झाली, त्याच्या कुत्रीचं शेवटचं पिल्लू उरलं होतं. तांबूस, लोंबत्या कानांचं, तीनेक महिन्यांचं. दादानं ते अंगणात सोडलं आणि वहिनीकडे पाहून म्हणाला, "शाळा करून घर होते म्हणतेस ना? हे सांभाळून दाखव. उद्या लेकरू झालं तर काय करशील, ते याच्यावरच दिसेल."

तो हसत म्हणाला. पण तिनं ते हसण्यावारी घेतलं नाही. "आणि सांभाळलं तर?"

"तर शाळा तुझी."

"आणि नाही तर?"

"नाही तर घर."

अशी त्या पिल्लावर तिची शाळा टांगली गेली, आणि हे मला पक्कं ठाऊक होतं.

तिनं पिल्लाचा सगळा दिवस बांधून टाकला. कागदावर काही नाही, सगळं भोंग्यांवर आणि घंटांवर. सकाळचा मिलचा भोंगा झाला की दूधभात. त्याआधी उजाडताच दोरीला बांधून रेल्वे लायनीच्या कडेनं थोडं फिरवणं. थोडंच, कारण कोवळ्या हाडांना जास्त चाल झेपत नाही, आणि गावकुत्र्यांजवळ न्यायचं नाही, त्यांचा रोग लागतो. दुपारच्या भोंग्याला मी घरी जेवायला येई, तेव्हाचं खाणं माझ्याकडे: भात आणि मटणाच्या हाडांचं पाणी, हाडं मात्र काढून. शाळा सुटल्यावर तिचं. निजण्याआधीचं दादाचं, आणि दादा रात्रपाळीला असेल तर तेही तिचंच. खाल्लं की लगेच अंगणात न्यायचं, झोपेतून उठलं की न्यायचं. घरात मुतलं तर मारायचं नाही, उचलून बाहेर ठेवायचं आणि बाहेर केलं की शाबासकी द्यायची.

तिघंही वेगवेगळ्या वेळी येणार-जाणार, मग कोणी चारलं आणि कोणी नाही हे कळावं कसं? तिनं युक्ती काढली. पिल्लाचा पितळी वाडगा ओसरीवर. चारलं की धुऊन पालथा घालायचा. पुढच्याच्या वेळेला त्यानं तो उलटावा, भरावा. वाडगा पालथा म्हणजे पोट भरलेलं. दोनदा चारलं जाणार नाही, उपाशीही राहणार नाही.

"पालथं भांडं घरात बरं दिसत नाही," दादा म्हणाला.

"मग तुम्ही उभं राहून सांगत जा कोणी चारलं ते," ती म्हणाली.

मी तिच्या हुकुमानं वाडगा भरत होतो आणि जळत होतो. एक दिवस मात्र मला कळलं की तिला हरवायची वाट या वाडग्यातूनच आहे. वाडगा पालथा ठेवून हातावर काही चारलं, तर कोणाला कळणार? मी गुळाचा खडा, भाकरीचा तुकडा, वरणाचा चिकट भात देऊ लागलो. ती त्याला शिकवत होती: आधी "बस", बसलं की घास, आधी "थांब", थांबलं की दोरी सुटणार. मी न बसवता, न थांबवता देत होतो. महिन्याभरात पिल्लू तिचं ऐकेना. ती "बस" म्हणे आणि ते माझ्या धोतराकडे बघे.

"काऊन वहिनी," मी म्हणायचो, "शाळेतल्या पोरी तरी बसतात का?"

ती ओठ दाबून पुन्हा "बस" म्हणायची. तिला ते हरणं किती लागतं ते मला दिसत होतं. मला बरं वाटत होतं. हेही लिहूनच टाकतो.

पिल्लाचं पोट फुगू लागलं, केस रुक्ष झाले, विष्ठेत जंत दिसले. वहिनी स्वतः ढोरांच्या दवाखान्यात जाऊन विचारून आली. डॉक्टर बहुतेक बैलच बघायचे, पण त्यांनी नीट सांगितलं: रात्रीपासून काही द्यायचं नाही, सकाळी उपाशी आणायचं. दूध, तूप, तेल, चरबी यांचा तर थेंबही नको. जंताचं हे औषध स्निग्धात विरघळून अंगात भिनतं आणि यकृत जाळतं. रिकाम्या पोटी दिलं तर जंत मारून खाली जातं.

तिनं घरी येऊन आम्हा दोघांना हे शब्दाला शब्द सांगितलं. संध्याकाळचं खाणं लवकर दिलं, वाडगा पालथा घातला आणि त्याच्यावर दगड ठेवला. दादा रात्रपाळीला होता. पिल्लू दोरीला तिचं ऐकत नसे म्हणून सकाळी मी सोबत जायचं ठरलं. मिलमध्ये सकाळची दोन तासांची सुट्टी मागावी लागली, तीही तिच्या कामासाठी. त्याचाही राग होताच.

सकाळी ती अंघोळीला गेली होती. मिलचा भोंगा झाला. पिल्लू धावत ओसरीवर आलं, दगड हुंगला, वाडग्याला नाक लावलं आणि माझ्याकडे बघून कण्हू लागलं. शिंक्यावरच्या भांड्यात कालच्या दुधावर जाड साय होती. मी ती बोटांनी काढली आणि हातावर चाटवली. एकदा नाही, भांड्यातली सगळी. औषधाची गोष्ट मला माहीत होती. पण मी मनाशी म्हटलं, हिचा एवढा थाट, एक दिवस तरी हिचा नेम मोडू दे. यापेक्षा मोठं काही मनात नव्हतं. एवढंच पुरलं.

दवाखान्यात डॉक्टरांनी पिल्लाच्या पोटावर हात दाबला. "काही खाल्लंय का यानं? खाल्लं असेल तर सांगा. परवा या, काही बिघडत नाही."

"नाही," वहिनी म्हणाली. "वाडगा कालपासून पालथाच आहे." मग ती माझ्याकडे वळली. "भाऊजी, तुम्ही काही दिलं नाही ना?"

"मी कायले देऊ?" मी म्हणालो.

इतकी वर्षं मी या उत्तराच्या आडोशाला उभा आहे. मी नाही म्हटलं नव्हतं. मी फक्त विचारलं होतं.

डॉक्टरांनी जबडा उघडून मऊ गोळी घशात सारली, गळा चोळला, थोड्या वेळानं जुलाबाचं मीठ पाण्यातून पाजलं. "दुपारी फक्त पातळ पेज. ओकलं किंवा लटपटायला लागलं तर लगेच आणा." वहिनी तिथूनच शाळेत गेली. पिल्लू घरी सोडून मी मिलमध्ये.

दुपारच्या भोंग्याला घरी आलो तर ते ओकून पडलं होतं. ओकारीत साईचे पिवळट गोळे होते. दवाखाना दूर नव्हता. उचलून नेलं असतं आणि खरं सांगितलं असतं, तर वाचलंच असतं असं मी म्हणत नाही; पण नेलं नाही. मी चुलीतली राख आणली, ओकारीवर टाकली, गोणपाटानं पुसून घेतली आणि काट्यावर परत गेलो.

संध्याकाळी वहिनीनं त्याला लटपटताना पाहिलं आणि पदरात घेऊन दवाखान्यात पळाली. डॉक्टर म्हणाले, "पोटात स्निग्ध गेलंय. मी विचारलं होतं ना?" ती म्हणाली, "नाही गेलं. वाडगा पालथा होता." तेच तेच म्हणत राहिली. दुसऱ्या दिवशी डोळ्यांचं पांढरं पिवळं पडलं, आणि उन्हं उतरताना ते तिच्या मांडीवर गेलं.

दादा रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं. तो हात धूत म्हणाला, "कुत्रं नाही जगलं तुझ्या वेळापत्रकात. लेकरू काय जगेल."

तिनं पिल्लाच्या गळ्यातली दोरी सोडली. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "औषधाच्या आदल्या संध्याकाळच्या भातात मी वरणाची फोडणी घातली होती. तेल होतं त्यात. त्याचंच झालं असेल, नाही भाऊजी?"

मी तिथेच, खांबाला टेकून होतो. रात्र मधे गेलेली, त्या चमचाभर तेलानं काही होत नाही, हे मला कळत होतं. मी म्हणालो, "असल."

एवढाच एक शब्द, आणि तो तिच्या बाजूचा नव्हता.

तिनं शाळेत राजीनामा दिला. निरोपाला मुली घरी आल्या, त्यांच्यासाठी तिनं पोहे केले. पितळी वाडगा घासून मडक्यावर झाकण म्हणून ठेवला, पालथाच. पुढे तिला दोन लेकरं झाली, दोन्ही जगली. धाकटी तापानं फणफणली तेव्हा मी ऐकलं, ती दादाला विचारत होती, "मी काही चुकीचं चारलं का हो?" ती कोणालाही काही वाढायच्या आधी थबकायची. पाहुण्यांनाही विचारायची, "चालेल ना तुम्हाला? त्रास तर नाही होणार?" लोक म्हणत, किती जपते. मी पानावरून मान वर करत नसे.

दादा जाऊन काही वर्षं झाली. वहिनी आता आमगावच्या घरी असते. मी सणावाराला जातो. ती अजून मला वाढते, आणि वाढताना थबकते. मागच्या खेपेला मी म्हणालो, "वहिनी, मले एक सांगायचं व्हतं." तिनं नेहमीसारखं "मला" म्हटलं नाही. ती थांबून बघत राहिली. मी म्हणालो, "वरण छान झालं."

तिची शाळा मी परत देऊ शकत नाही. तिचं देणं माझ्याकडे एकच आहे: तिच्या समोर बसून, तिच्या तोंडाकडे बघून सांगणं की तेल नव्हतं, साय होती, आणि ती मी चारली होती. ते अजून दिलेलं नाही.