पाटलांनी सांगितलेला रपोट

निजामाच्या अमलात मी पटवारी होतो. नांदूरघाटच्या बाजारात सोडून ठेवलेली बैलगाडी उतारावरून मागे घसरली आणि आमच्या पोलीस पाटलांच्या लेकीचा पाय मोडला. वैदूने पाय बांधल्यावर पाटील मला म्हणाले, "ठाण्याच्या अमीनसाहेबांना रपोट धाडायचा हाय. मी सांगतो, तुमी लिवा."

गावाला गाडीवान कोठडीत हवा होता. मी विचारलं, "तो प्यालेला होता, असं लिहू?"

"तुमी वास घेतला का, पटवारी? मी बी न्हाई."

पहिल्याच ओळीत त्यांनी जखमी मुलगी आपलीच असल्याचं घालायला लावलं. मग जागा, वेळ, कोणता पाय. चाकाला दगड लावला होता असं गाडीवान म्हणतो, आपण पाहिलेलं नाही. मी लिहिलेला 'बेफिकीर' हा शब्द त्यांनी खोडायला लावला.

शेवटी ते म्हणाले, "पोरीला गाडीमागं बसवून मी तंबाखू घ्याया गेलतो. हे बी लिवा."

"ते कुणी पाहिलं नाही, पाटील."

"मला ठाव हाय की."

अमीनसाहेबांनी साक्षी घेतल्या आणि गाडीवानाला सोडलं. त्या रपोटाची नक्कल मी जपली. स्वतःच्या घरचं दुखणं कागदावर मांडायची वेळ आली, की आधी ती वाचतो.